दोघांनी मिळून एक लेख: वाटणी, सांधे आणि नावं

जोडीनं लिहायचं ठरलं की बहुतेक जण शब्दांची वाटणी करतात. दीड हजार शब्द, निम्मे तुझे, निम्मे माझे. हे करू नका. वाटणी वाचकाच्या प्रश्नांची करा. समजा, विषय सायकलच्या देखभालीचा आहे; एकाकडे पंक्चर, दुसरीकडे ब्रेक आणि चेन. मागचं चाक काढायची कृती दोन्ही भागांत डोकावणार. ती कोण लिहिणार आणि कोण नुसता उल्लेख करून पुढे जाणार, हे आधीच ठरवा. नाहीतर ती दोनदा येते किंवा दोघंही एकमेकांवर सोडून देतात.

खरा घोळ भाग जोडल्यावर होतो. मजकूर बरोबर असतो, पण सांधा क्रियापदांत उघडा पडतो. एका परिच्छेदात ‘मी आधी हवा सोडते’, पुढच्यात ‘मी नट सैल करतो’. वाचक थबकतो: बोलतंय कोण? वर एकीचं ‘केलं’, दुसऱ्याचं ‘केले’. एकीकडे वाचकाला ‘तू’, दुसरीकडे ‘तुम्ही’. ‘आम्ही’ घातल्यानं सुटत नाही, कारण मत बहुतेक वेळा एकाचंच असतं. कृती सांगताना ‘मी’ काढूनच टाका: ‘आधी हवा सोडा, मग नट सैल करा.’ मत वैयक्तिक असेल तिथे ज्याचं त्याचं नाव घाला. पहिल्या मसुद्यात सांधे दिसणारच, त्याचं टेन्शन नको.

शेवटचा हात मात्र एकाचाच. दुसऱ्यानं गूगल डॉक्समध्ये Suggesting मोड लावून फक्त चुकीची माहिती दाखवायची, वाक्यं सजवायची नाहीत. दोघंही आळीपाळीनं भाषा घासत बसले की एकाच वाक्याची अदलाबदल चालू राहते आणि लेख कुणाचाच वाटत नाही. मग ज्यानं शेवटचा हात फिरवला नाही त्यानं सगळं मोठ्यानं वाचावं. जीभ अडखळते तिथे सांधा शिल्लक आहे.

‘एकानं मुद्दे सांगायचे, दुसऱ्यानं लिहायचं’ हा शॉर्टकट अनुभवी मंडळी हौसेनं सुचवतात. मला तो पटत नाही; श्रेयाची भांडणं बरीचशी तिथूनच निघतात. तरी तसंच करायचं असेल तर ‘लेखन’ आणि ‘माहिती व फोटो’ अशी नावं वेगळी द्या. दोघांनी लिहिलं असेल तर नावांचा क्रम पहिला शब्द लिहायच्या आधी ठरवा आणि चॅटमध्ये लिहून ठेवा. शब्द मोजून क्रम लावू नका, शेवटचा हात फिरवणं हे मोठं काम आहे आणि ते मोजणीत दिसत नाही. मध्येच कुणाचं काम वाढलं तर क्रम पुन्हा बोलून घ्या, छापल्यावर नाही.

जोडण्याआधी दोघांचे मूळ मसुदे वेगळ्या फायलींत जपून ठेवा. पुढे एकाला आपला भाग दुसरीकडे वापरायचा झाला तर तो त्या फायलीतूनच घ्यावा, कारण जोडलेल्या लेखातल्या त्याच्या भागात दुसऱ्याची वाक्यं मिसळलेली असतात. तीच वापरायची असतील तर आधी विचारा.