टायरच्या फोटोवरून साईज आणि आठवडा-वर्ष कसं वाचायचं: नाशिकमधल्या कामातून

जुन्या गाड्यांची तपासणी करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात माझं काम फोटो वाचण्याचं आहे. नाशिकच्या वेगवेगळ्या भागांतून, पाथर्डी फाट्यापासून आडगावपर्यंत, आमची मुलं गाड्या बघून फोटो पाठवतात. मी त्यातले टायर वाचून शीटमधले रकाने भरते: रुंदी, रेशो, रिम, भार, वेग, आठवडा, वर्ष. नवीन येणाऱ्याला वाटतं की आकडे दिसतात, ते टाईप करायचे, संपलं. साईजच्या बाबतीत ते बरंचसं खरंही आहे. खरी कसोटी लागते ती तारखेच्या चार आकड्यांवर.

आधी साईज उरकून घेऊ. समजा फोटोत `185/65 R15 88H` असं आहे. 185 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. 65 म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नसून रुंदीच्या टक्क्यांत असते. R म्हणजे रेडियल बांधणी, 15 म्हणजे रिमचा व्यास इंचांत. 88 हा भाराचा सांकेतिक आकडा आहे, ८८ किलो नव्हे. तक्त्यात ८८ समोर ५६० किलो आहेत. H म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के, इंच आणि तक्त्यातले अनुक्रमांक शेजारीशेजारी बसलेले असतात. म्हणून रकान्याच्या नावातच एकक लिहायची सवय लावा: `width_mm`, `rim_in`.

या ओळीची चांगली गोष्ट म्हणजे ती स्वतःच स्वतःला तपासते. फोटो पुसट असेल तर 185 आणि 165 यांत फरक कळत नाही, आणि दोन्ही साईज बाजारात आहेत. पण 185/65 R15 ला साधारणपणे 88 हा भार असतो आणि 165/65 R15 ला 81. म्हणजे पहिला आकडा धूसर असला तरी शेवटचा आकडा साक्ष देतो. 88 आहे की 86 अशीच शंका असेल, तर त्याच बाजूवर बारीक अक्षरांत `MAX LOAD` लिहिलेलं सापडतं का बघा. तिथे 560 KG असेल तर 88, 530 KG असेल तर 86. फोटो काढणाऱ्या मुलांना मी म्हणूनच सांगते, साईजच्या ओळीबरोबर ती बारीक ओळही घ्या रे.

कारच्या टायरची रुंदी ५ ने संपते आणि रेशो पाचाच्या पटीत असतो, त्यामुळे 66 दिसलं तर ते 65 असणार, असं चटकन म्हणता येतं. मात्र हा नियम स्कूटरवर लावू नका. तिथे `90/100-10 53J` असा नंबर असतो. रुंदी 90, रेशो तब्बल 100, आणि मधली आडवी रेघ म्हणजे पुसलेला R नव्हे. ती बायस बांधणीची खूण आहे. रेघेच्या जागी R भरलेली नोंद परत पाठवली जाते.

आता तारीख. टायर कोणत्या आठवड्यात बनला ते चार आकड्यांत असतं: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. `2820` म्हणजे २०२० सालचा २८ वा आठवडा, साधारण जुलैचा पहिला पंधरवडा. हे चार आकडे कधी DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या लांब ओळीच्या शेवटी येतात, तर कधी एकटेच एका छोट्या लांबट चौकटीत दिसतात. DOT च्या ओळीत आधी कारखान्याची खूण, मग कंपनीच्या आपल्या खुणा, आणि सगळ्यात शेवटी तारीख. मधल्या खुणांतही आकडे असतात. त्यामुळे कुठलेही चार आकडे उचलायचे नाहीत, शेवटचेच घ्यायचे.

भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर आणखी एक फसवी ओळ असते. आयएसआय चिन्हाजवळ `CM/L` आणि पुढे लांब आकडा लिहिलेला असतो. तो परवान्याचा क्रमांक. फोटोत तो अर्धाच आला, तर त्यातले चार आकडे हुबेहूब तारखेसारखे दिसतात. हे ओळखायची खात्रीची खूण साच्यात आहे. टायरवरची बाकी सगळी अक्षरं साच्यात कायमची कोरलेली असतात. आठवडा मात्र दर आठवड्याला बदलावा लागतो, म्हणून तेवढा तुकडा साच्यात वेगळा बसवलेला असतो. त्या तुकड्याची कड रबरावर उमटते. चौकट दिसते, आकडे किंचित तिरके असतात, कधी अक्षरांचं वळणही वेगळं असतं. भोवती कड नाही आणि आकडे शेजारच्या अक्षरांशी एकाच रेषेत, एकाच वळणाचे आहेत, तर ती तारीख आहे असं गृहीत धरू नका. ओळ पूर्ण दिसेल असा फोटो मागवा.

पुष्कळदा तारीख फोटोत नसतेच, कारण ती बाहेरच्या बाजूला नसते. DOT ची पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूवर असू शकते. दुसऱ्या बाजूवर अर्धवट ओळ असते, तारखेशिवाय. टायर बसवताना ती बाजू आत गेली तर बाहेरून कितीही फोटो काढा, उपयोग नाही. पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवलं की आतली भिंत दिसते. मागच्या चाकांसाठी फोन जमिनीजवळ धरून आत घालावा लागतो. रस्त्याकडेच्या एका पंक्चरवाल्या काकांनी आमच्या मुलाला सोपा उपाय सांगितला. ते म्हणाले, “अरे भाऊ, फ्लॅश सरळ मारू नको, पांढरं फटक दिसतं सगळं. बॅटरी बाजूने धर आन् नंबरावर खडू फिरव.” खडू आडवा धरून फिरवला की उठावाची अक्षरं तेवढी पांढरी होतात. त्याआधी टायर पुसून कोरडा करायचा, ओलं रबर चमकतं.

चाक कसंही थांबतं, त्यामुळे निम्म्या फोटोंत आकडे उलटे असतात. वाचण्याआधी फोटो फिरवा. शेजारचं एखादं अक्षर सरळ दिसतंय का बघा. R किंवा L उलटं असेल तर लगेच कळतं, 0, 1 आणि 8 कधीच सांगत नाहीत. `0619` उलटं वाचलं तर `6190` होतं. ६१ वा आठवडा नसतो, म्हणजे फोटो उलटा आहे. आठवडा ०१ ते ५३ एवढाच असू शकतो, आणि ५३ सुद्धा काही वर्षांतच, उदाहरणार्थ २०१५ आणि २०२०. फोटो काढल्याच्या तारखेच्या पुढचा आठवडा निघाला तरीही वाचन चुकलं आहे.

हे नियम अशक्य आकडे पकडतात, पण शक्य असलेल्या दोन आकड्यांतून निवड करून देत नाहीत. इथे एक गाडी नीट बघू. ऑक्टोबर २०२० मध्ये नोंदणी झालेली हॅचबॅक, डावा पुढचा टायर. साईज स्पष्ट: `185/65 R15 88H`, शिवाय MAX LOAD 560 KG. तारखेची चौकट दिसते, त्यात 2, मग चिखलाने भरलेला एक आकडा, मग 20. तो आकडा 3 असेल किंवा 8. या दोघांची गल्लत सर्वांत जास्त होते, कारण 8 च्या डाव्या कडांत माती बसली की तो 3 दिसतो. २३ वा आठवडा म्हणजे जूनचा पहिला, २८ वा म्हणजे जुलैचा. गाडी ऑक्टोबरची, त्यामुळे दोन्ही बसतात. उजव्या टायरवर `2820` अगदी स्वच्छ होतं, स्टेपनीवरही तेच.

नवीन मुलगा म्हणाला, “ताई, मग इथेही अठ्ठावीसच टाकतो ना.” टाकायचं नाही. एकाच नव्या गाडीवर वेगवेगळ्या आठवड्यांचे टायर असू शकतात, आणि शेजारच्यावरून भरलेला आकडा या टायरवरून वाचलेला नसतो. शीट वाचणाऱ्याला मात्र तो वाचलेलाच वाटणार. आमची नोंद अशी गेली:

```
size_raw: "185/65 R15 88H"
width_mm: 185
aspect: 65
construction: "R"
rim_in: 15
load_index: 88
speed: "H"
date_raw: "2?20"
week: null
year: 2020
note: "3 किंवा 8; उजवा टायर 2820"
```

यात `date_raw` हा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. डोळ्याला जे दिसलं ते जसंच्या तसं तिथे, आणि त्याचा लावलेला अर्थ वेगळ्या रकान्यात. वर्ष पक्कं होतं, ते भरलं. आठवडा पक्का नव्हता, तो रिकामा ठेवला. टायरचं वय काढणाऱ्याला वर्षावरूनही बरंच काम भागतं. `date_raw` नेहमी अक्षरं म्हणून साठवा, संख्या म्हणून नको. स्प्रेडशीट `0619` मधला पुढचा शून्य खाऊन 619 करते, आणि मग तो २००० सालाआधीचा तीन आकडी नंबर वाटतो. त्या काळी दोन आकडे आठवड्याचे आणि एकच वर्षाचा असायचा, त्यात दशक कळायचं नाही.

तारीख आणि नोंदणी यांची तुलनाही रोज करावी लागते. टायरची तारीख नोंदणीच्या थोडी आधीची असेल तर टायर बहुधा मूळचा. नंतरची असेल तर बदललेला. दोन्हीत चूक काही नाही, पण चारपैकी एकच टायर बदललेला दिसला की आमचा तपासणीवाला त्या चाकाकडे जास्त बारकाईने बघतो.

ट्रकचे फोटो आले की पद्धत थोडी बदलते. `10.00 R20` यात रुंदी इंचांत असते आणि रेशो लिहिलेलाच नसतो, म्हणून तो रकाना रिकामा ठेवायचा, अंदाजाने भरायचा नाही. भाराच्या जागी `146/143` असे दोन आकडे दिसतात: एकटा टायर असेल तर ३००० किलो, जोडीने असेल तर प्रत्येकी २७२५. त्यासाठी दोन वेगळे रकाने हवेत. आणि रिट्रेड केलेल्या टायरवर वरची नक्षी नवी करकरीत असते, पण बाजूवरचे चार आकडे मूळ टायर बनल्याचे असतात. नक्षी खोल आहे आणि तारीख सात वर्षांपूर्वीची आहे, म्हणून वाचन चुकलं असं समजून आकडा बदलू नका. तारीख वाचली तशी लिहा, आणि रिट्रेडची खूण किंवा नव्या पट्ट्याचा सांधा दिसत असेल तर शेरा टाका.