संत्र्याचा ताजा, शिळा आणि उकळलेला रस: आयोडीनने ‘क’ जीवनसत्त्व कसे मोजावे

या प्रकल्पात बऱ्याच मुलांना उकळलेल्या रसात ताज्यापेक्षा जास्त ‘क’ जीवनसत्त्व सापडते. ही चूक रस उकळताना आटल्यामुळे किंवा तो गरम असतानाच मोजल्यामुळे होते.

मृग बहाराची पाच-सहा संत्री घ्या. दोन फळांत फरक असतोच, म्हणून सगळ्यांचा रस एकत्र करून मलमलने गाळा आणि त्याच रसाचे तीन भाग करा. पहिल्याची चाचणी लगेच घ्या, दुसरा झाकून २४ तास खोलीत ठेवा, तिसरा उकळा. तांब्या-पितळेचे भांडे नको. तांब्यामुळे हे जीवनसत्त्व झपाट्याने नष्ट होते. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या विहिरीचे पाणीही नको, त्यातले क्लोरीन ते खाऊन टाकते. सगळीकडे डिस्टिल्ड पाणीच वापरा.

आयोडीनसाठी २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड अगदी थोड्या पाण्यात, साधारण १० मिली, विरघळवा. त्यात ०.३२ ग्रॅम आयोडीन पूर्ण विरघळू द्या आणि मगच पाणी घालून २५० मिली करा. आधीच पाणी वाढवले तर खडे तळाशी तसेच राहतात. द्रावण तपकिरी बाटलीत ठेवा. स्टार्च त्याच दिवशी करा: १ ग्रॅम स्टार्च थोड्या गार पाण्यात कालवून १०० मिली उकळत्या पाण्यात ओता आणि थंड करा.

आयोडीन उडून जाते, म्हणून त्याची ताकद रोज तपासावी लागते. १०० मिग्रॅ शुद्ध ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच ‘क’ जीवनसत्त्व, १०० मिली पाण्यात विरघळवा. त्यातले १० मिली घेऊन स्टार्चचे १० थेंब टाका आणि ब्युरेटमधून आयोडीन सोडा. निळा-काळा रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. समजा ११.३ मिली लागले, तर १ मिली आयोडीन म्हणजे ०.८८५ मिग्रॅ जीवनसत्त्व.

आता २० मिली रसात ५० मिली पाणी घालून तसेच करा. पिवळ्या रसात शेवटचा रंग मळकट हिरवट-काळा दिसतो. फ्लास्कखाली पांढरा कागद ठेवा. ताज्या रसाला ६.४ मिली लागले, तर ५.६६ मिग्रॅ, म्हणजे १०० मिलीला २८.३ मिग्रॅ.

उकळलेल्या रसात दोन गोष्टी फसवतात. १०० मिली रस दहा मिनिटांत आटून ८० मिली झाला, तर त्यातल्या २० मिलीमध्ये मूळच्या २५ मिलीचा ऐवज येतो. म्हणून पाणी घालून तो परत १०० मिली करा. दुसरे म्हणजे गरम रसात स्टार्चचा निळा रंग टिकतच नाही. मुले आयोडीन ओतत राहतात आणि रीडिंग वाढते. बीकर गार पाण्यात ठेवून रस पूर्ण थंड झाल्यावरच मोजा.

शिळ्या रसाच्या दिवशी आयोडीनची ताकद पुन्हा काढा, नाहीतर आयोडीन फिके झाल्यामुळे जास्त लागेल आणि जीवनसत्त्व टिकल्याचा भास होईल. अहवालात मात्र ‘ॲस्कॉर्बिक आम्ल कमी झाले’ असेच लिहा. ते हवेने बदलून पहिल्यांदा जे रूप घेते, ते शरीराला चालते, पण आयोडीनला दिसत नाही.