टॅपेट लावताना इंजिनाने श्वास कुठे रोखलाय ते बघा

शिकाऊ असताना सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एग्झॉस्ट हे चार स्ट्रोक मला तोंडपाठ होते. तरी पहिल्यांदा एका मोटरसायकलचे टॅपेट लावले, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट जुळवली, तेव्हा गाडी चालू होताच हेडमधून कटकट यायला लागली आणि पिकअप पार गेला. पिस्टन अगदी वर आल्याचं दाखवणारी मॅग्नेटवरची टी खूण तर मी बरोबर जुळवली होती.

उस्ताद म्हणाले, “तो ब्लॉक उचलून बाकावर ठेव, आणि श्वासाकडे लक्ष दे.” मी श्वास घेतला, रोखला, जोर लावला, ब्लॉक ठेवला आणि श्वास सोडला.

“झाले चार स्ट्रोक,” ते म्हणाले.

पिस्टन खाली जातो, इनलेट व्हॉल्व्ह उघडा असतो, हवा-पेट्रोल आत येतं: हा घेतलेला श्वास. पिस्टन वर येतो, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, आतलं मिश्रण साधारण 9-10 पट दाबलं जातं: हा रोखलेला श्वास. प्लगची ठिणगी पडते, पिस्टन खाली ढकलला जातो: हा लावलेला जोर, आणि तेव्हाही श्वास रोखलेलाच असतो. मग एग्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो, पिस्टन वर येत जळका वायू बाहेर काढतो. आपल्याला आत-बाहेर करायला वाट एकच, इंजिनाला मात्र दोन दारं आहेत. हा फरक लक्षात ठेवा, माझी चूक तिथेच होती.

चार स्ट्रोकमध्ये क्रँक दोन फेरे घेतो, म्हणजे पिस्टन अगदी वर दोनदा येतो आणि टी खूणही दोनदा जुळते. एकदा श्वास रोखलेला असतो. दुसऱ्यांदा जुना श्वास संपून नवा सुरू होत असतो, आणि तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात. मी नेमका तिथे थांबलो होतो. रॉकर दाबलेलेच, म्हणून फट मोजायच्या फिलर गेजचं पातं जाईना, म्हणून मी स्क्रू सैल करत गेलो.

ओळखायचं कसं? प्लग काढा, इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने पान्याने सावकाश फिरवा आणि नजर इनलेटच्या रॉकरवर ठेवा. तो व्हॉल्व्ह दाबून परत वर आला, की त्यानंतर येणारी टी खूण कॉम्प्रेशनची. तिथे दोन्ही रॉकर हाताने किंचित हलतात. क्रँक थोडा मागेपुढे केल्यावर रॉकर लगेच हलू लागले, तर तुम्ही चुकीच्या फेऱ्यावर आहात. प्लगच्या भोकावर बोट धरूनही दाब कळतो, पण काही इंजिनांत किक हलकी व्हावी म्हणून एग्झॉस्ट व्हॉल्व्ह जरासा उचलून धरतात, म्हणून माझा भरवसा रॉकरवरच.

उस्तादांनी मला इंजिन आधी मी थांबलो होतो तिथे आणून अजून एक पूर्ण फेरा फिरवायला लावलं. पाती एकावर एक ठेवून घातली तरी फट उरत होती. इंजिन थंड झाल्यावर पुस्तिकेतल्या मापाने दोन्ही टॅपेट लावले, लॉकनट आवळून पातं पुन्हा घालून पाहिलं. किक मारली, कटकट गेली होती.