पुण्यातला पहिला महिना: कॉट, मेस आणि खाडे

बार्शीहून पुण्याला निघताना बाबांनी 15,000 रुपये दिले होते. महिन्याला 8,000 पुरतात असं आधी आलेल्या मित्राने सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण पहिला महिना वेगळा असतो. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर 3,500 भाडं, दोन महिन्यांचं डिपॉझिट 7,000, मेसचे आगाऊ 3,000. गादी, बादली, कुलूप आणि एक्स्टेन्शन बोर्डाचे 1,200. तारीख 4 ऑगस्ट आणि खिशात 300 रुपये!

कॉट बघायला जाल तेव्हा मालक बाजूला झाला की आत राहणाऱ्या पोराशी बोला. पाणी किती वाजेपर्यंत येतं, एका बाथरूमला किती जण, लाइट बिल भाड्यात की वेगळं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधीच्या मुलाला डिपॉझिट परत मिळालं का. कॉटवाल्यांशी रजिस्टर करार सहसा कोणी करत नाही. मग निदान डिपॉझिट यूपीआयने द्या, पावती मागा आणि पहिल्याच दिवशी भिंतींचे फोटो काढून ठेवा. मी हे काहीच केलं नव्हतं. मे महिन्यात खोली सोडताना 'रंगाचे' म्हणून 2,000 कापले गेले. ओल तर मी यायच्या आधीपासूनची होती. सोडायच्या महिनाभर आधी सांगायचं असतं, तेही व्हॉट्सॲपवर लिहूनच सांगा.

मेस लावण्याआधी दोन दिवस रोख पैसे देऊन जेवा. एक दिवस दुपारी, एक दिवस रात्री उशिरा, म्हणजे शेवटच्या पंगतीला भाजीत नुसता रस्सा उरतो का ते कळतं. मग खाड्याचा नियम विचारा. आमच्याकडे सलग तीन दिवस नसाल आणि आदल्या दिवशी सांगितलं असेल तरच खाडा धरायचे. दिवाळीत मी न सांगता नऊ दिवस घरी गेलो, एक रुपया वळता झाला नाही. रविवारी संध्याकाळी मेस बंद, म्हणजे महिन्याला साधारण 56 जेवणं, ताट जवळपास 54 रुपयांना. त्यातली 14 चुकवली तर तेच ताट 71 ला पडतं. दुपारी कॉलेजच्या कँटीनलाच खाणार असाल तर एकवेळची मेस लावा.

आता 8,000 चा हिशेब. भाडं आणि मेस 6,500, लाइट बिल 250, चार रविवारचे 320. उरले 930. कॉलेज चालत जाण्याइतकं जवळ होतं म्हणून बसचे पैसे यात नाहीत. सकाळी पोहे आणि दिवसातून दोन चहा, असे रोजचे 40 धरले तर 930 रुपये 23 तारखेला संपतात. दोन-तीन महिने मी बरोबर त्याच सुमारास घरी फोन करायचो, आणि पैसे कुठे गेले ते सांगता यायचं नाही. पुढे घरून येताना शेंगदाण्याचे लाडू आणि चिवडा आणायला लागलो. पोहे आठवड्यातून दोनदाच.