आयव्ही रँक बघून ऑप्शन घेता-विकता? या चुका टाळा

२२ जुलै २०२४, सोमवार. दुसऱ्या दिवशी बजेट. प्रतापनगरला आमच्या घरी संध्याकाळी भाचा आला, चप्पल दारातच भिरकावली आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "मामा, आयव्ही रँक फक्त ३१ आहे. उद्या बजेट अन् प्रीमियम स्वस्त मिळून राहिलं. स्ट्रॅडल घेऊन बसलो बघा." विचारायला आलाच नव्हता तो, घेऊन झाल्यावर सांगायला आला होता. साडेचोवीस हजारचा कॉल आणि पुट, तीन दिवसांनी एक्स्पायरी, चार लॉट. तेव्हा निफ्टीचा लॉट २५ चा होता. दोन्ही मिळून चारशे तीसच्या आसपास भाव, म्हणजे त्रेचाळीस हजार लावले होते.

ही चूक मी इतक्या जणांना करताना बघितली आहे की आता रँकचा आकडा कोणी मोठ्याने वाचला तरी माझं डोकं तापतं. रँक कमी म्हणजे प्रीमियम स्वस्त म्हणून घ्या, रँक जास्त म्हणजे महाग म्हणून विका, एवढंच पाठ करून पोरं बाजारात उतरतात. तो आकडा कसा निघतो हे बघायला पाच मिनिटं लागतात, पण तेवढीही कोणाजवळ नसतात.

आयव्ही म्हणजे बाजाराला पुढे किती हालचाल होईल असं वाटतं तो आकडा, प्रीमियमवरून काढलेला. त्याची रँक निघते फक्त तीन आकड्यांवर: वर्षातला सर्वात खालचा आयव्ही, सर्वात वरचा आणि आजचा. आजचा आकडा त्या दोन टोकांमध्ये कुठे बसतो, एवढंच ती सांगते. मधल्या अडीचशे दिवसांत काय झालं याचं तिला काही घेणंदेणं नाही. आयव्ही पर्सेंटाइल नेमकं उलट करतं. वर्षातल्या किती दिवशी आयव्ही आजच्यापेक्षा कमी होता, ते दिवस मोजतं.

आता त्या दिवशीचे आकडे मांडा. इंडिया व्हिक्स, म्हणजे निफ्टीच्या ऑप्शनच्या आयव्हीचा आकडा, बंद झाला होता साधारण १५.४ ला. मागच्या वर्षभरातला तळ साधारण १०.२. आणि माथा? ४ जून २०२४, लोकसभेच्या निकालाचा दिवस. त्या दिवशी व्हिक्स २६.७ च्या आसपास बंद झाला. म्हणजे तळापासून आज ५.२ वर आणि तळ ते माथा अंतर १६.५. भागाकार केला की ३१ येतात. भाच्याचं गणित बरोबर होतं. त्याला दिसलं नाही ते एवढंच, की तो माथा एका दिवसाचा होता. दुसऱ्याच दिवशी व्हिक्स एकोणीसच्या आत आला होता. पण तो एक दिवस वर्षभर रँकच्या छेदात बसून राहतो आणि बाकी प्रत्येक आकडा बुटका दाखवतो.

मे-जूनचा निवडणुकीचा हंगाम बाजूला काढून बघा. त्याआधीच्या वर्षात व्हिक्स बहुतेक दहा ते सोळात फिरत होता. त्या पट्ट्यात १५.४ ठेवा, रँक ऐंशीच्या पुढे जाते. पर्सेंटाइलही तेच सांगत होतं: वर्षातल्या दर पाच दिवसांत चारपेक्षा जास्त दिवस प्रीमियम याहून स्वस्त होतं. ज्याला भाचा स्वस्त म्हणत होता, ते चांगलं महाग होतं.

२३ तारखेला भाषण चाललं असताना, शेअर-फायद्यावरचा टॅक्स वाढल्याची घोषणा झाली आणि निफ्टी कोसळला. दिवसाचा तळ २४,०७४. भाच्याचा फोन: "मामा, पळून राहिलं!" मी विचारलं, किती नफा? "वीस-तीस पॉइंट." चारशे तीस पॉइंट भरून चारशे पॉइंटची हालचाल मिळाली, त्यात हाती वीस-तीस. कारण घोषणा झाल्या झाल्या आयव्ही उतरायला लागला होता. विक म्हटलं तर म्हणाला, अजून पडू द्या. निफ्टी परत वर आला आणि आदल्या दिवसापेक्षा फक्त तीस पॉइंट खाली, २४,४७९ ला बंद झाला. व्हिक्स १५.४ वरून तेराच्या खाली. स्ट्रॅडल उरला निम्म्याच्या आसपास. त्रेचाळीस हजारांचे एकवीस-बावीस.

माझी सवय अशी आहे की मी आधी पर्सेंटाइल बघतो, मग रँक. दोघांत पंचवीसच्या वर फरक असला की कोणताही आकडा न मानता वर्षाचा चार्ट उघडतो. एखादी सुई उभी दिसतेच. त्या सुईचे दिवस खोडून रँक पुन्हा काढतो. शेअर बाजाराच्या साइटवरून इंडिया व्हिक्सचा वर्षाचा जुना डेटा उतरवता येतो. तारखा जुन्याकडून नव्याकडे लावा, बंद भाव E रकान्यात आणि आजचा शेवटच्या, म्हणजे २५१ व्या ओळीत असला की एवढंच लागतं:

```
=(E251-MIN(E2:E251))/(MAX(E2:E251)-MIN(E2:E251))*100
=COUNTIF(E2:E250,"<"&E251)/249*100
```

पहिली ओळ रँक, दुसरी पर्सेंटाइल. तयार आकडा देणाऱ्या साइटवर विसंबायचं असेल तर आधी एक तपासा: माथा-तळ बंद भावावरून घेतात की दिवसातल्या उच्च-नीच भावावरून. ४ जूनला व्हिक्स दिवसात एकतीसच्या वर गेला होता. तो घेतला तर वरची ३१ ची रँक चोवीसच्या जवळ येते. एकच दिवस, एकच व्हिक्स आणि दोन साइटवर दोन रँक. मग पोरं मला विचारतात, कोणती खरी.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की मग पर्सेंटाइल ऐंशीच्या वर गेलं की डोळे मिटून विकायचं. दुसरी चूक हीच, आणि ती मी स्वतः केलेली आहे.

३ जून २०२४. एक्झिट पोल शनिवारी आले होते, सोमवारी निफ्टी सव्वातीन टक्के वर, २३,२६४ ला बंद. व्हिक्स एकवीसच्या आसपास, पर्सेंटाइल नव्वदीच्या वर. मी मनाशी म्हटलं, निकाल लागला की हे प्रीमियम विरघळणार. दुपारी २२,५०० चा पुट आणि २४,००० चा कॉल विकला, तीन लॉट. पुटचे सव्वाशेच्या आसपास मिळाले. बाहेर उकाडा, कूलरमध्ये पाणी टाकून मी निवांत झोपलो.

सकाळी निकालाचे कल यायला लागले. अकराच्या सुमारास तोच पुट साडेसहाशेला परत घेतला. कॉलमधून थोडं परत आलं, तरी पुटमध्येच एका लॉटमागे तेरा हजार गेले. त्यातही नशीब म्हणायचं, कारण नंतर निफ्टी २१,२८१ पर्यंत गेला. थांबलो असतो तर तो पुट बाराशेच्या वर परत घ्यावा लागला असता.

आकडा खोटा नव्हता. प्रीमियम आपल्या मागच्या वर्षाच्या तुलनेत खरंच महाग होतं. पण येणाऱ्या हालचालीच्या तुलनेत ते स्वस्त निघालं, आणि ही दुसरी तुलना रँकमध्येही नाही, पर्सेंटाइलमध्येही नाही. व्हिक्सला सोळाने भागलं की साधारण एका दिवसाची अपेक्षित हालचाल टक्क्यांत मिळते. एकवीसला भागा, १.३ टक्के. निफ्टी त्या दिवशी जवळपास सहा टक्के पडून बंद झाला. शिवाय व्हिक्स तीस दिवसांचा असतो, त्यात निकालाचा एक दिवस एकोणतीस साध्या दिवसांत पातळ होतो. मी विकत होतो तीन दिवसांचं ऑप्शन. त्याच ऑप्शनचा स्वतःचा आयव्ही ऑप्शन चेनमध्ये समोर दिसत होता, व्हिक्सपेक्षा वेगळा, पण मी बघितला नाही. आपल्याला हवा तो आकडा सापडला की माणूस पुढचा रकाना वाचत नाही.

तेव्हापासून घटनेच्या आधी उघडं ऑप्शन मी विकत नाही, पर्सेंटाइल ९९ असलं तरी. २२,५०० चा पुट विकला तर २२,३०० चा विकत घेतो, त्यालाच पंख म्हणतात. प्रीमियम कमी हाती येतं, पण त्या बाजूचा तोटा काही केल्या दोनशे पॉइंटच्या वर जात नाही, आणि त्यातूनही मिळालेलं प्रीमियम वजा होतं. भाचा म्हणतो, "मामा, पंखात पैसे जाऊन राहिले तुमचे." जाऊ दे बाप्पा.

बाकीच्या चुका थोडक्यात. पर्सेंटाइल पाचवर आलं म्हणून लगेच ऑप्शन घेऊ नका. २०२३ च्या उन्हाळ्यानंतर व्हिक्स महिनोन्‌महिने दहा ते बाराच्या घरात पडून होता, आणि स्वस्त म्हणून घेणाऱ्यांचं प्रीमियम रोज थोडं थोडं झिजत गेलं. कमी आयव्ही कमीच राहू शकतो. घ्यायचंच असेल तर साप्ताहिक सोडा, दोन महिन्यांचं बघा.

एका शेअरची रँक दुसऱ्याशी लावून बघू नका. ज्याचा आयव्ही वर्षभर वीस-पंचविसात असतो आणि ज्याचा चाळीस-साठात, त्या दोघांची रँक सत्तर असली तरी त्यांच्यात साम्य तेवढंच. तिमाही निकालाच्या आठवड्यात शेअरची रँक वर जातेच. तिची तुलना साध्या दिवसांशी नको, त्याच शेअरच्या आधीच्या निकालांच्या आदल्या दिवसाशी करा.

ज्या स्ट्राइकला दिवसभरात दहा सौदे होत नाहीत, तिथला आयव्ही चार्टवर दिसतो पण हातात येत नाही. घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या भावात मोठी फट असली की रँक काढूच नका.

आणि ती जूनची सुई? ती बरोबर एका वर्षाने खिडकीतून बाहेर पडली. जून २०२५ मध्ये माथ्याची जागा एप्रिल २०२५ च्या २२.८ ने घेतली, तळ तोवर ११.८ च्या आसपास होता. व्हिक्स पावणेसोळाला तसाच धरला तर रँक साधारण २६ वरून ३६ वर जाते, ऑप्शनच्या भावात एक पैसा न हलता. त्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. "मामा, रँक एकदम वाढली, काही होऊन राहिलं का बाजारात?" मी त्याला ४ जूनची तारीख सांगितली. थोडा वेळ तिकडून आवाज नाही. मग म्हणाला, "शीट उघडून बसलो आहे, थांबा."