ब्रायडल मेकअपचे ट्रायल फोटो कसे कम्पेअर करायचे (फ्लॅशवाले आधी बघा)

मेकअप आर्टिस्टच्या पेजवरचे फोटो बाजूला ठेवा, ते एडिट केलेले असतात. आपल्याच चेहऱ्यावरच्या दोन-तीन लुक्सचे फोटो लागतात. मागचा कॅमेरा, ब्यूटी फिल्टर बंद, दरवेळी तीच खिडकी, तीच भिंत. बस.

स्किन टोन बघताना लोक एका फोटोतला चेहरा दुसऱ्या फोटोतल्या चेहऱ्याशी जुळवत बसतात, त्याला काही अर्थ नाही, कारण फोन प्रत्येक फोटोत रंग आपल्या मनाने बदलतो. एकाच फोटोत चेहरा, कान, मान आणि गळ्याखालचा भाग बघा. हे सगळं एका माणसाचं दिसलं की शेड बरोबर.

आता फ्लॅश. इथेच सगळे फसतात, कारण आरशात आणि खिडकीपाशी काहीच दिसत नाही. सनस्क्रीन किंवा एसपीएफवाल्या फाउंडेशनमधलं झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड आणि वरून जास्त मारलेली सिलिकाची एचडी पावडर समोरून आलेला फ्लॅश परत फेकतात आणि चेहऱ्यावर पांढरट डाग दिसतात. फोनचा फ्लॅश कमजोर असतो, त्यात दिसलं नाही म्हणून खूश होऊ नका. कोणाचा तरी खरा कॅमेरा आणा, खोलीत अंधार करा आणि फ्लॅश थेट समोरून मारा, छताकडे वळवून नाही. एक फोटो बिनमेकअपचा पण त्याच फ्लॅशमध्ये काढा, म्हणजे आपली त्वचा मुळात किती उजळते ते कळतं.

पांढरा डाग आणि तेलकट चमक यात गल्लत करू नका प्लीज!! मान थोडी वळवून दुसरा फोटो काढा. चमक जागा बदलते, पावडरचा डाग तिथेच राहतो.

समजा लुक अ खिडकीपाशी मस्त जुळला पण फ्लॅशमध्ये डोळ्यांखाली पांढरा त्रिकोण आला आणि वळल्यावरही तसाच राहिला, कान मात्र नॉर्मल. लुक ब मध्ये कपाळ चमकतंय पण वळल्यावर चमक सरकली. मी डोळे झाकून ब घेईन, कपाळ टिश्यूने टिपता येतं, तो त्रिकोण मात्र फोटोग्राफरने काढलेल्या शेकडो फोटोंत बसतो. अ चाच हट्ट असेल तर पावडर बदलून किंवा कमी करून पुन्हा फ्लॅश टेस्ट करा, आणि तरीही सगळा चेहरा कानांपेक्षा पांढरा आला तर संशय खालच्या एसपीएफवर.

चार-पाच तासांनी त्याच खिडकीत आणि त्याच फ्लॅशमध्ये परत काढा. काही फाउंडेशन ऑक्सिडाइज होऊन गडद होतात, तेव्हा चेहरा मानेपेक्षा काळपट किंवा नारिंगी दिसतो. नाकाच्या कडा आणि ओठांच्या बाजूच्या रेषा झूम करून बघा, मेकअप फुटायला लागतो तो तिथूनच. आणि हे फोटो आर्टिस्टला व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधे पाठवले तर दबून बारीक काहीच दिसत नाही.