बौद्ध धम्माच्या प्रसाराची कालरेषा: उजळणीच्या कागदावरच्या या चुका टाळा

परीक्षा आठ दिवसांवर आली की एक ठरावीक कागद हातोहात फिरू लागतो. एक आडवी रेघ, तिच्यावर सात-आठ टिंबं, प्रत्येक टिंबाखाली एक साल. असा एक कागद बघा:

इ.स.पू. ५४४ महापरिनिर्वाण, ४८३ पहिली संगीती, ३८३ दुसरी संगीती, २६१ कलिंग युद्ध आणि अशोकाचा धम्मस्वीकार, २५० तिसरी संगीती, २१८ अशोकाचा राज्याभिषेक, मग इ.स. ७८ चौथी संगीती.

अक्षर सुंदर, रंगीत पेनं वापरलेली, आणि रेघ पार चुकलेली. तिसऱ्या संगीतीनंतर, म्हणजे भिक्खूंच्या तिसऱ्या धर्मसभेनंतर, बत्तीस वर्षांनी अशोकाचा राज्याभिषेक होतो, हे लिहिताना हात थबकला नाही, कारण सालं पाठ केली होती आणि त्यांच्यातली अंतरं कोणी तपासलीच नव्हती.

सगळ्यात मोठी चूक पहिल्या दोन टिंबांत आहे. महापरिनिर्वाण ५४४ मध्ये आणि पहिली संगीती ४८३ मध्ये, म्हणजे मध्ये ६१ वर्षं गेली. परंपरा तर सांगते की बुद्धांच्या निर्वाणानंतर आलेल्या पहिल्याच वर्षावासात, राजगृहाच्या सप्तपर्णी गुंफेत, महाकश्यपांच्या अध्यक्षतेखाली भिक्खू जमले. आनंदाने सुत्त सांगितले, उपालीने विनय सांगितला. आनंद आणि उपाली हे दोघे बुद्धांच्या सहवासातले. ६१ वर्षांनी ते कुठून येणार? महापरिनिर्वाण आणि पहिली संगीती यांच्यातलं अंतर महिन्यांचं आहे. रेघेवर ती दोन टिंबं एकमेकांना चिकटूनच हवीत.

घोळ होतो तो असा. निर्वाणाच्या सालाची एकाहून जास्त गणितं आहेत आणि पाठांतर करणारा एक साल इथून उचलतो, दुसरं तिथून. ५४४ हे श्रीलंकेतल्या परंपरेचं. १९५६ मध्ये निर्वाणाला २५०० वर्षं झाली म्हणून बुद्धजयंती साजरी झाली ती याच हिशोबाने. २५०० मधून १९५६ वजा करा, ५४४ उरतात. आपल्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत ४८३ असतं, काहींत ४८६. आणि बऱ्याच आधुनिक अभ्यासकांना निर्वाण याहून पुष्कळ अलीकडे, इ.स.पू. ४०० च्या आसपास वाटतं, कारण उत्तरेकडच्या ग्रंथांत अशोक निर्वाणानंतर शंभरच वर्षांनी येतो. उत्तरपत्रिकेत यातलं कोणतं घ्यायचं ते अभ्यासक्रमातलं पुस्तक ठरवेल, पण एका कागदावर एकच घ्या. दोन गणितांची सालं एका रेघेवर टाकणं म्हणजे दोन घड्याळं बघून एक वेळ सांगणं.

५४४ धरून अशोकापर्यंत का पोचता येत नाही, हे एकदा स्वतः करून बघा. त्यानंतर ही चूक पुन्हा होत नाही. दीपवंस आणि महावंस हे श्रीलंकेचे पाली ग्रंथ सांगतात की अशोकाचा राज्याभिषेक निर्वाणानंतर २१८ वर्षांनी झाला. ५४४ उणे २१८ म्हणजे ३२६. त्या साली अलेक्झांडर पंजाबात होता आणि अशोकाचे आजोबा चंद्रगुप्त अजून गादीवरसुद्धा बसले नव्हते. नातवाचा राज्याभिषेक आजोबांच्या आधी, असं होतं ते. याउलट ४८६ उणे २१८ म्हणजे २६८, आणि हे बसतं. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पाच ग्रीक राजांची नावं आहेत: अंतियोक, तुरमय, अंतिकिनि, मग आणि अलिकसुदर. हे पाचही एकाच वेळी गादीवर असण्याचा काळ इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या मध्याआधीचा आहे. आपली सगळी कालरेषा खरं तर या एका शिलालेखाच्या खुंटीला टांगलेली आहे. बुद्धांचं साल तिथून मागे मोजत काढलं जातं, उलट नाही.

हेच २१८ वरच्या कागदावर ‘इ.स.पू. २१८’ होऊन बसलं. ‘निर्वाणानंतर २१८’ मधला पहिला शब्द गळाला आणि आकडा तेवढा उरला. मायन्यात ‘पासून’ किंवा ‘नंतर’ असेल तर तो आकडा साल नव्हे, अंतर आहे. कागदावर अंतरं वेगळ्या शाईने, रेघेच्या खालच्या बाजूला लिहा. सालं वरच्या बाजूला. इतकी साधी सवय, पण कोणी लावून घेत नाही.

एक बारीक खोच इथेच सांगून टाकावी. तिसरी संगीती निर्वाणानंतर २३६ वर्षांनी भरली असं हीच परंपरा म्हणते. ४८६ मधून २३६ गेले की बरोबर २५० येतात, जे पुस्तकांत छापलेलं असतं. ४८३ मधून वजा केलं तर २४७ येतात, आणि काही पुस्तकांत तेही दिसतं. म्हणजे निर्वाण ४८३ आणि तिसरी संगीती २५० ही नेहमीची जोडी मुळातच दोन हिशोबांची आहे. तीन वर्षांच्या फरकाने वस्तुनिष्ठ प्रश्नात काही बिघडत नाही, दोन्ही सालं पुस्तकात आहेत तशीच लिहा. फक्त एकातून दुसरं वजा करून ‘माझं चुकलं की काय’ म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री घाम फोडू नका.

दुसरी आवडती चूक: ‘२६१, कलिंग युद्ध आणि धम्मस्वीकार’ हे एकच टिंब. युद्ध झालं, पश्चात्ताप झाला, संध्याकाळपर्यंत सम्राट बौद्ध झाला, अशी नाटकाची संहिता डोक्यात बसलेली असते. अशोक स्वतः काय म्हणतो ते वाचा. लघुशिलालेखात तो सांगतो की उपासक होऊन अडीच वर्षांहून जास्त काळ झाला, पण पहिलं वर्षभर माझ्याकडून फारसा पराक्रम, म्हणजे धम्मासाठी प्रयत्न, घडला नाही. संघाच्या जवळ आल्यावर, गेल्या वर्षभरात, घडला. म्हणजे हा हळूहळू झालेला बदल आहे, त्याला टिंब नको, पट्टा हवा.

अशोकाच्या बाबतीत इसवी सनपूर्व सालं पाठ करूच नयेत, असं माझं ठाम मत आहे. त्याचे लेख स्वतःच राज्याभिषेकापासूनची वर्षं देतात, आणि ती कधी बदलत नाहीत. आठ वर्षं झाल्यावर कलिंग (तेरावा शिलालेख). दहाव्या वर्षी संबोधीची, म्हणजे बोधगयेची यात्रा (आठवा शिलालेख). तेराव्या वर्षी धम्ममहामात्रांची नेमणूक (पाचवा). चौदाव्या वर्षी कनकमुनी बुद्धांचा स्तूप दुपटीने वाढवला (निगाली सागर). विसाव्या वर्षी लुंबिनीला स्वतः गेला, गावाचा ‘बळी’ हा कर माफ केला आणि शेतसारा आठव्या हिश्श्यावर आणला (रुम्मिनदेई). पाच आकडे: ८, १०, १३, १४, २०. राज्याभिषेक २६८ धरला तर कलिंग २६० ला येतं, २६९ धरला तर २६१ ला. पुस्तकापुस्तकांत एका वर्षाचा फरक का दिसतो, त्याचं उत्तर इथे आहे.

आता या यादीत तिसरी संगीती कुठे आहे? कुठेच नाही. अशोकाच्या एकाही लेखात पाटलीपुत्रच्या संगीतीचा उल्लेख नाही. सांची, सारनाथ आणि कौशांबीच्या लेखांत संघात फूट पाडणाऱ्याला पांढरे कपडे घालून बाहेर काढण्याची ताकीद आहे, तेवढीच. संगीती, तिचा अध्यक्ष मोग्गलिपुत्त तिस्स, त्याचा कथावत्थु हा ग्रंथ आणि नऊ दिशांना पाठवलेले थेर म्हणजे ज्येष्ठ भिक्खू, हे सगळं येतं ते श्रीलंकेच्या पाली परंपरेतून. म्हणून कागदावर प्रत्येक घटनेपुढे ‘ले’ किंवा ‘ग्रं’ लिहा: लेखातून की ग्रंथातून. ‘अशोकाने ग्रीक राजांकडे भिक्खू पाठवले’ हे वाक्य या खुणेअभावीच जन्मतं. तेराव्या शिलालेखात राजाचे दूत आहेत आणि विषय धम्मविजय आहे. महावंसात थेर आहेत आणि त्यांना पाठवणारा मोग्गलिपुत्त तिस्स आहे. ग्रंथातलं ते सगळं कल्पित, असंही समजू नका. सांची आणि सोनारीच्या स्तूपांत सापडलेल्या अस्थिकरंडकांवर मज्झिम आणि कासपगोत ही नावं आहेत, कासपगोताला तर ‘हिमवंताचा आचार्य’ म्हटलं आहे; आणि महावंसात हिमालयाकडे गेलेला थेर मज्झिमच आहे.

या थेरांच्या यादीत चार ‘रक्खित’ आहेत आणि जोड्या लावा प्रश्नात हमखास तेच येतात. रक्खित वनवासीला, धम्मरक्खित अपरांताला, महाधम्मरक्खित महारट्ठाला, महारक्खित यवनदेशाला. ‘धम्म’ असलेले दोघे शेजारच्या प्रदेशांत आले आणि ‘महाधम्म’ तो ‘महारट्ठ’, एवढं धरलं की निम्मं सुटतं. फसवणूक पुढे आहे: स्वतः यवन असलेला थेर धम्मरक्खित, आणि तो गेला अपरांताला, यवनदेशाला नव्हे. मज्झंतिक काश्मीर-गंधारला आणि मज्झिम हिमालयाला, हीही अदलाबदल नेहमीची.

बाकीच्या चुका थोडक्यात. वैशालीच्या दुसऱ्या संगीतीचा राजा कालाशोक. तो मौर्य अशोक नव्हे. तिथला वाद दहा मुद्द्यांचा, त्यात शिंगात मीठ साठवण्यापासून सोनं-चांदी स्वीकारण्यापर्यंत सगळं आलं. महायानाचा जन्म तिथे झाला असं लिहू नका, संघातून फुटलेले महासांघिक वेगळे आणि महायान वेगळं. ‘दर शंभर वर्षांनी एक संगीती’ हा शॉर्टकट पहिल्या दोघींपुरताच चालतो, तिसरीला तो ३६ वर्षं चुकतो. इ.स.पू. मध्ये मोठा आकडा डावीकडे, हे दरवर्षी सांगावं लागतं.

चौथ्या संगीतीला मात्र दोन टिंबं द्या. थेरवाद परंपरेची चौथी श्रीलंकेत, वट्टगामणी राजाच्या काळात, इ.स.पू. पहिल्या शतकात, अलुविहार इथे तिपिटक ताडपत्रांवर उतरवलं गेलं. त्याआधी ते मुखोद्गतच होतं, म्हणून ‘पहिल्या संगीतीत तिपिटक लिहिले’ यातलं ‘लिहिले’ काटा. दुसरी चौथी कनिष्काची, काश्मीरमध्ये कुंडलवनात, वसुमित्र अध्यक्ष. तिला इ.स. ७८ हे साल चिकटवू नका. ७८ हे शक संवताचं आणि जुन्या मतानुसार कनिष्काच्या राज्यारोहणाचं साल आहे, संगीतीचं नव्हे. आता अनेक अभ्यासक त्याचं राज्यारोहण इ.स. १२७ ला धरतात. रेघेवर ‘इ.स. पहिले-दुसरे शतक’ असा पट्टा ओढा, आणि प्रश्नात नुसतंच ‘चौथी संगीती’ आलं तर आधी पर्यायांत वसुमित्र आहे की वट्टगामणी ते बघा.